शनिवारची सुट्टी, पण कोणाला?

१२ फेब्रुवारी २०२० रोजी राज्य मंत्रिमंडळाने सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मंजूर केला, तेव्हा चहाच्या टपरीपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत एकच सूर होता: यांना आणखी सुट्ट्या! हिशेब मात्र उलटा होता. आधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा धरून वर्षाचे सरासरी २८८ दिवस काम होई, रोज जेवणाची सुट्टी वगळून सव्वासात तास. म्हणजे वर्षाचे २,०८८ तास. नव्या व्यवस्थेत दिवस २६४ झाले, पण रोजचे तास आठ. गुणाकार केला तर २,११२. शनिवार सगळे मिळाले आणि वर अख्खे २४ तास काम वाढले. कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली, शिपायांची साडेनऊ ते साडेसहा.

काम तेवढेच, दिवस कमी, अशा आठवड्याला इंग्रजी कंपन्यांत ‘कॉम्प्रेस्ड वीक’ म्हणतात. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांनी सहा महिने करून पाहिलेला चार दिवसांचा आठवडा वेगळा. तिथे पगार न कापता तासच कमी केले होते. इथे तास कमी होत नाहीत, फक्त आवळून बसवले जातात. हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितले नाही, तर पुढचे निम्मे भांडण त्यातूनच निघते.

सरकारच्या त्या निर्णयाचा दुसरा भाग कमी वाचला गेला. पोलीस, सरकारी रुग्णालये, अग्निशमन, पाणीपुरवठा, शाळा-महाविद्यालये आणि कारखाना कायदा लागू असलेल्या जागा त्यातून वगळल्या होत्या. वगळणे भागच होते, कारण शनिवारी नळाला पाणी यायलाच हवे. पण ‘वगळण्यात येत आहे’ एवढ्या तीन शब्दांवर सरकार भागवून नेऊ शकते. एकाच आवारात स्टाफ आणि कामगार असलेल्या कंपनीला ते जमत नाही. तिथे वगळलेला माणूस रोज त्याच कँटीनमध्ये, त्याच टेबलावर शेजारी जेवायला बसतो.

अशीच एक कंपनी समजा. चाकणच्या एमआयडीसीतला, मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना. पन्नास माणसे ऑफिसात: खरेदी, हिशेब, एचआर, डिझाइन. ती जनरल शिफ्टला, सहा दिवस, रोज साडेसात तास, आठवड्याचे ४५. बाकी माणसे मशीनवर, मेंटेनन्सला आणि गेटवर. तीन पाळ्या, आठ-आठ तास, आठवड्याचे ४८, वीकली ऑफ आळीपाळीने. ऑफिसला शनिवार सुट्टी द्यायची असे व्यवस्थापनाच्या मनात आहे. ४५ ला पाचाने भागले की नऊ येतात. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा, मध्ये अर्धा तास जेवण. १९४८ च्या कारखाना कायद्याची मर्यादा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची, तीत हे अगदी काठोकाठ बसते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांसाठी दिवसाची मर्यादा १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. आठवड्याचे ४८ तास मात्र कायम आहेत, आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइमही.

ऑफिसचे गणित असे दोन मिनिटांत सुटते, म्हणूनच घाई होते. एचआर एक गोड ईमेल टाकते आणि पुढच्या सोमवारपासून सुरू. पहिल्याच शनिवारी काय होते ते पाहा. दुपारी दोन वाजता सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरला एक बिघडलेली मोटर रिवाइंडिंगला बाहेर पाठवायची आहे. त्यासाठी गेटपास लागतो. गेटपासवर सही खरेदी विभागाची, आणि खरेदी विभाग घरी आहे. सिक्युरिटीवाला सहीशिवाय मोटर सोडत नाही. सोडली तर त्याचीच नोकरी जाईल. सुपरवायझर चार फोन करतो, दोन उचलले जात नाहीत, आणि मशीन सोमवारपर्यंत उभे राहते. सोमवारी प्रॉडक्शन मीटिंगमध्ये प्रश्न विचारला जातो तो सुपरवायझरला. कॉम्प्रेस्ड आठवड्याचा पहिला अन्याय सुट्टीच्या वाटणीतला नसतो. एकाची सुट्टी दुसऱ्याच्या डोक्यावर काम होऊन बसते, हा तो अन्याय.

त्यामुळे घोषणेआधी करायचे पहिले काम फार साधे आहे. मागच्या तीन महिन्यांतल्या शनिवारी शिफ्टने ऑफिसकडून काय काय मागितले, ते टाइम ऑफिस, स्टोअर आणि गेटच्या रजिस्टरमधून काढायचे. किती गेटपास झाले, किती स्लिपवर स्टोअरमधून माल निघाला, किती वेळा वाहतूकदाराची कागदपत्रे करावी लागली. मग त्यातल्या प्रत्येक सहीचा अधिकार शनिवारी कोणाकडे असेल हे ठरवायचे: एक तर शिफ्ट इन्चार्जला ठरावीक रकमेपर्यंत अधिकार द्यायचा, नाही तर ऑफिसातल्या एकाने आळीपाळीने शनिवारी यायचे आणि त्याबदली दुसरा दिवस घ्यायचा. कंपनीच्या बसचेही तसेच. ऑफिस सहाला सुटणार म्हणून बस सव्वासहाची केली, तर आधी साडेपाचच्या बसने जाणारे ट्रेनी आणि हेल्पर ताटकळतात. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण पाळीतला माणूस योजनेचे मोल याच गोष्टींवरून ठरवतो.

आता मुख्य प्रश्न. ऑफिसला पाच दिवस, मग पाळीवाल्यांना का नाही?

‘आपणही दहा-दहा तासांच्या पाळ्या करू’ ही सूचना बैठकीत कोणी तरी हमखास करते. ती चालत नाही, याचे कारण निव्वळ अंकगणिताचे आहे. दिवसाचे २४ तास आठाने भागले जातात, बाराने भागले जातात, दहाने जात नाहीत. दहा तासांच्या तीन पाळ्या म्हणजे ३० तास. एकाच मशीनवर रोज सहा तास दोन-दोन माणसे उभी, आणि पगार दोघांचा.

राहिली बारा तासांची पाळी. तिचे गणित मोहात पाडणारे आहे. सात दिवस चोवीस तास चालणाऱ्या दोन जागा घ्या. आठ तासांच्या पाळीने आठवड्याला ४२ पाळ्या भरायच्या. माणशी सहा, म्हणून सात माणसे लागतात. बारा तासांनी २८ पाळ्या. माणशी चार, म्हणून पुन्हा सातच माणसे. तास तेच ४८, आणि सुट्ट्या एकाऐवजी तीन! तरुण कामगार, विशेषतः गाव लांब असलेले, यावर उड्या मारतात. खेडला किंवा जुन्नरला शेती असलेल्याला तीन दिवस सलग म्हणजे एक पेरणी.

पण ही व्यवस्था एका ठिकाणी मोडते, आणि ते ठिकाण कागदावर दिसत नाही. रिलीव्हर आला नाही तर काय? आठ तासांच्या पाळीत जुना उपाय आहे: जाणारा चार तास जास्त थांबतो, पुढचा चार तास आधी येतो, दोघांचे बारा-बारा तास होतात. वाईट, पण निभते. बारा तासांच्या पाळीत तोच उपाय केला तर दोघांचे अठरा-अठरा तास होतात. अठराव्या तासाला प्रेससमोर उभ्या असलेल्या माणसाचा हात कुठे जाईल सांगता येत नाही. सलग कामाच्या आठ-नऊ तासांनंतर अपघाताचा धोका चढू लागतो हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलेले आहे. रात्रीच्या पाळीत तो आणखी चढतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: हाताशी राखीव माणूस नसेल, तर बारा तासांची पाळी काढूच नये, कामगार स्वतः मागत असले तरी. आणि राखीव माणूस म्हणजे सातामागे आठवा, पगारी.

मग आठ तासांतच राहून काय देता येते? पाळीवाल्याचे सर्वांत मोठे दुःख सुट्टी कमी असण्याचे नसते, ती कधी मिळेल हे माहीत नसण्याचे असते. मंगळवारी एकटी सुट्टी, पोरे शाळेत, बायको कामावर, आणि लग्न नेमके रविवारी. त्याला पुढच्या महिन्याचे रोस्टर आदल्या महिन्याच्या २० तारखेला फळ्यावर लावून देणे, आणि त्यानंतर त्याच्या संमतीशिवाय त्यात बदल न करणे, याला पैसे लागत नाहीत, शिस्त लागते. दुसरे म्हणजे जोडसुट्टी. एका आठवड्याचा ऑफ शनिवारी आणि पुढच्या आठवड्याचा रविवारी लावला की सलग दोन दिवस मिळतात. वरच्या सात माणसांत रोज एकच जण सुट्टीवर असू शकतो, तेव्हा शनिवार-रविवारची जोडी प्रत्येकाला सात आठवड्यांतून एकदा येते. कमीच आहे, पण पक्की आहे. फक्त एक पथ्य: सुट्ट्यांची अशी जुळवाजुळव करताना कोणाचे सलग दहापेक्षा जास्त दिवस काम होता कामा नये, ती कारखाना कायद्याची जुनी रेघ आहे. जोडी याहून लवकर हवी असेल, तर पुन्हा तो आठवा माणूस. समानतेला किंमत असते आणि ती इथे नेमकी मोजता येते: सातामागे एक पगार. व्यवस्थापनाने ती देणार की नाही हे घोषणेत उघड सांगावे. ‘शिफ्ट कर्मचाऱ्यांच्या अडचणींचा सहानुभूतीने विचार केला जाईल’ हे वाक्य ज्या नोटिशीत असते, तिथे विचार झालेला नसतो असे समजायला हरकत नाही.

रजेचा हिशेब हा तिसरा खड्डा, तो झटकन सांगतो. ऑफिसवाल्याच्या खात्यात १८ रजा आहेत. साडेसात तासांच्या दिवसाने त्या १३५ तास होतात. दिवस नऊ तासांचा झाल्यावरही १८ रजा ठेवल्या, तर त्या १६२ तास झाल्या. सुट्टीत नसलेली वाढ मागच्या दाराने मिळाली, आणि पाळीवाल्यांच्या ते लगेच लक्षात येते. म्हणून रजा तासांत मोजाव्यात: १३५ तास, म्हणजे नऊ तासांच्या १५ रजा. सणाच्या सुट्टीत तोटा उलट बाजूला होतो. २०२६ साली १५ ऑगस्ट शनिवारी येतो. जुन्या पद्धतीत त्या आठवड्यात ऑफिसला साडेसात तास कमी भरावे लागले असते. नव्यात शनिवार आधीच सुट्टीचा, म्हणून पूर्ण ४५ भरायचे. ही सुट्टी बुडाली की बदली मिळणार, हे आधी लिहा. नाही तर १४ ऑगस्टला एचआरच्या दारात रांग लागेल.

एवढे सगळे करून योजना चालली की नाही हे कसे ठरवणार? इथे अमेरिकेतल्या युटा राज्याची गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. २००८ च्या उन्हाळ्यात तेलाचे भाव आभाळाला भिडले होते. त्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जॉन हंट्समन यांनी राज्याच्या सुमारे १७,००० कर्मचाऱ्यांना चार दिवसांचा आठवडा लावला, सोमवार ते गुरुवार, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. शुक्रवारी इमारती बंद, म्हणजे वीज आणि गॅस वाचेल हा मुख्य हेतू. वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर वाचतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी वाचले पाच लाखांच्या आसपास. इमारती पूर्ण बंद करता आल्या नाहीत, आणि पुढे इंधनाचे भावच उतरले. कर्मचारी खूश होते, पण शुक्रवारी सरकारी कामासाठी येणाऱ्या नागरिकांच्या तक्रारी थांबेनात. २०११ मध्ये विधिमंडळाने कार्यालये शुक्रवारी उघडी ठेवायला लावणारा कायदा केला, तेव्हाच्या गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने तो ओलांडला, आणि सप्टेंबर २०११ पासून पाच दिवस पुन्हा सुरू झाले.

ही योजना फसली असे म्हणावे का? कर्मचाऱ्यांना विचारले तर नाही, वीजबिलाला विचारले तर हो, खिडकीसमोरच्या माणसाला विचारले तर नक्कीच हो. कोणाचे उत्तर अंतिम मानायचे हे सुरुवातीला ठरले नव्हते, म्हणून शेवट राजकारणाने केला. आणि तोवर तीन वर्षांत लोकांनी पाळणाघरापासून जोडधंद्यापर्यंत सगळे चार दिवसांवर बेतलेले असणार.

चाकणच्या आपल्या कारखान्याला यातून दोन गोष्टी घेता येतील. एक, मोजमाप योजना सुरू होण्याआधीच सुरू करायचे, कारण नंतर आठवून ‘पूर्वी काय होते’ सांगता येत नाही. प्रयोग जुलै ते डिसेंबर २०२६ असेल, तर तुलना जुलै ते डिसेंबर २०२५ शी. मार्चअखेरच्या घाईशी दिवाळीच्या महिन्याची तुलना करून काही कळत नाही. दोन, निकष थोडे आणि भांडता न येण्यासारखे. मी चारच ठेवीन. ग्राहकाच्या तक्रारीला पहिले उत्तर किती तासांत गेले. शनिवारी ऑफिसअभावी शिफ्टचे काम किती वेळा अडले. हे मोजायला गेटवर एक वही पुरते, आणि ती वही शिफ्टने भरायची, ऑफिसने नव्हे. दिवसाच्या शेवटच्या दोन तासांत झालेल्या चुका आणि किरकोळ अपघात. आणि ओव्हरटाइमचे तास, कारण ऑफिसचे वाचलेले शनिवार हळूच शिफ्टच्या ओटीत जाऊन बसतात.

लोकांचे मतही घ्यावे, पण ऑफिसचे आणि पाळीचे वेगवेगळे. पन्नास खूश आणि बाकीचे नाराज असले तरी सरासरी काढून ‘बहुतांश कर्मचारी समाधानी’ असा अहवाल लिहिता येतो. तसा तो लिहिलाही जातो. पहिल्या महिन्याचे मत तर बाजूलाच ठेवावे. नव्या सुट्टीचा आनंद सगळ्यांनाच असतो. चौथ्या महिन्यात, संध्याकाळी सहापर्यंत बसून पाठ धरली की खरे मत कळते.

प्रत्येक निकषाशेजारी आकडा हवा आणि आकडा ओलांडला तर काय होईल तेही. नोटिशीत ते असे दिसेल: ‘सदर व्यवस्था दि. १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२६ या मुदतीपुरती आहे. कोणत्याही एका महिन्यात गेटवरील वहीत चारपेक्षा अधिक अडलेली कामे नोंदली गेल्यास पुढील महिन्यापासून ऑफिसमधील एक व्यक्ती दर शनिवारी उपस्थित राहील. सलग दोन महिने असे घडल्यास व्यवस्था त्या महिनाअखेर संपुष्टात येईल.’ भाषा रुक्ष आहे. असू द्या. यात कोणाच्या मर्जीला जागा नाही, आणि योजना बंद झाली तर ‘कामगारांनी आमचा शनिवार घालवला’ असे ऑफिसला म्हणता येत नाही. आकडा आधी सगळ्यांनी पाहिलेला असतो.

परतीची वाट मुदतीशी बांधलेली असावी, याला एक कायदेशीर कारणही आहे. कामाचे तास किंवा पाळ्या बदलायच्या तर कामगारांना २१ दिवस आधी बदलाची नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ती तरतूद होती, नव्या संहितेतही आहे. मुदत न घालता सुरू केलेली व्यवस्था मागे घेणे हाही बदलच, म्हणजे पुन्हा नोटीस, पुन्हा युनियनशी बोलणी, आणि तोवर शनिवार ही सवलत न राहता हक्क झालेला असतो. म्हणून सुरुवातीची आणि शेवटची तारीख एकाच कागदावर हवी, त्यावर युनियनची सही हवी, आणि ३१ डिसेंबरला कोणी काहीच ठरवले नाही तर १ जानेवारीला जुनी वेळ आपोआप परत येईल असे वाक्य हवे. उलटे वाक्य, म्हणजे ‘पुढील आदेशापर्यंत चालू राहील’, हे मराठी कचेऱ्यांतले सर्वांत दीर्घायुषी वाक्य आहे.

वाट एकेकट्यालाही हवी. ज्याचे मूल पाच वाजता पाळणाघरातून आणायचे आहे, ज्याला डायलिसिसला किंवा संध्याकाळच्या क्लासला जायचे आहे, त्याला नऊ तासांचा दिवस झेपणार नाही. बेल्जियमने नोव्हेंबर २०२२ पासून पूर्णवेळ कामगाराला चार दिवसांत आठवडा भरण्याची मागणी करण्याची मुभा दिली. तिथे मागणी कामगाराने करायची, ती जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी असते, नंतर नव्याने करावी लागते, आणि मालकाने नाकारली तर महिन्याभरात लेखी कारण द्यावे लागते. आपल्याकडे हे उलट बाजूने वापरता येईल: ज्याला जुनी सहा दिवसांची वेळ हवी त्याने महिनाभर आधी लिहून द्यावे, कारण सांगायची सक्ती नसावी, आणि त्याचा परिणाम बढतीवर किंवा वार्षिक मूल्यमापनावर होणार नाही हे नोटिशीत असावे. शनिवारी ऑफिसात असा एखाददुसरा माणूस बसलेला असला, तर गेटपासवरच्या सहीचा प्रश्नही निम्मा सुटतो. दोन्ही गरजा अशा जुळून येणे क्वचितच घडते, तेव्हा व्यवस्थापनाने ते हातचे जाऊ देऊ नये.

तुमच्या फळ्यावर अशी नोटीस लागली, तर सुट्टी कोणत्या वारी ते सर्वात शेवटी वाचा. आधी तिच्यात शेवटची तारीख शोधा, मग रोस्टर कधी लागणार ते, मग रजा दिवसांत मोजल्या आहेत की तासांत. यातले काही नसेल, तर सही करण्याआधी ते लेखी मागून घ्या.